वय वर्षे शून्य, इयत्ता नववी

दर वर्षी ३१ मे रोजी महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत निरोप समारंभांची झुंबड उडायची. एकाच दिवशी इतके हार, शाली आणि नारळ लागायचे, कारण एका अख्ख्या पिढीचा जन्मच एक जूनचा होता. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराला हाताला धरून गुरुजींपुढे उभं करायचा आणि जन्मतारीख विचारली की "पाऊस लागला होता बघा" एवढाच तपशील पुरवायचा. मग गुरुजी पोराकडे एक नजर टाकून, चालू सालातून सहा वजा करून, एक जून लिहून मोकळे व्हायचे. एक तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमाप्रमाणे आदल्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतो, म्हणून ही सगळी जत्रा ३१ मेला. माझे सासरे, अप्पा, त्यातलेच. जन्म श्रावणातला, पण पाटबंधारे खात्यातून ते ३१ मे २००६ रोजी बाहेर पडले. मधल्या महिन्यांचा बुडालेला पगार गुरुजींच्या खात्यावर ते अजून मांडतात.

आमच्या चिरंजीवांची गोष्ट तशी वेगळी. सोहमच्या जन्माचा दाखला महापालिकेचा, वेळेसकट. १२ ऑगस्ट २०११. त्याच्या बाबतीत एक जूनची शक्यताच नव्हती. पण २०२० साली लॉकडाऊन लागला, शाळा फोनमध्ये शिरली आणि चौथीतल्या पोराला स्वतःचं ईमेल खातं लागेल असा निरोप आला. खातं काढायचं काम माझ्या भावाकडे गेलं, कारण घरात कॉम्प्युटरचं काहीही अडलं की ते 'मामाला विचार' या खात्यात जमा होतं. तिथे जन्मसाल विचारत होते. खरं घातलं तर 'तुमचं वय बसत नाही' असं उत्तर येत होतं. मामाने यादीवर अंगठा फिरवला, यादी जिथे थांबली तिथे थांबू दिली, आणि आमचा पावणेनऊ वर्षांचा मुलगा १ जानेवारी १९९० रोजी जन्मला. डिजिटल युगातले गुरुजी हेच. फक्त यांनी पोराकडे एक नजरही टाकली नाही.

पुढची पाच वर्षं त्या खात्याने तिशीतल्या गृहस्थाचं आयुष्य काढलं. हे गृहस्थ दर सोमवारी परिसर अभ्यासाच्या वहीचे फोटो पाठवत. अफजलखानाच्या भेटीवर त्यांनी सहा ओळी लिहिल्या होत्या, त्यातल्या चार वाघनखांवर. प्रतापगडाचं चित्र त्यांनी खडूने काढलं होतं. जाहिरातवाले मात्र त्यांना गृहकर्ज आणि केस गळतीवरचं तेल सुचवत राहिले. तीस वर्षांचा माणूस दर आठवड्याला 'टीचर, माझी वही मिळाली का' असं का विचारतो, हा प्रश्न त्या कंपनीच्या कोणत्याही संगणकाला पडला नाही.

मग २०२५ चा वाढदिवस आला. नववीत सायबर सुरक्षेवर कोणाचं तरी व्याख्यान झालं होतं आणि त्यात 'आपली माहिती खरी भरा' असं सांगितलं होतं. चौदा पूर्ण झाल्याच्या रात्री बारा वाजता सोहमने शुभेच्छा घेता घेता खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तारीख खरी करायला घेतली. दिवस १२, महिना ऑगस्ट. आणि साल टाकलं २०२५. ही चूक वाटते तितकी विचित्र नाही. 'वाढदिवस कधी' असं विचारलं की हात आपसूक चालू साल लिहितो. बँकेचे फॉर्म तपासणाऱ्यांना विचारा, नुकतेच जन्मलेले अनेक खातेदार त्यांनी पाहिलेले असतात. बँकेतला माणूस हसतो आणि तिथे लाल शाईने गोल करतो. इथे हसणारं कोणी नव्हतं. 'सेव्ह' दाबलं आणि खात्याचं वय शून्य दिवस झालं.

पडद्यावर आलेला मजकूर अतिशय नम्र होता. तुम्ही खातं बाळगण्याच्या वयाचे दिसत नाही. चौदा दिवसांत पालकांच्या देखरेखीखाली या किंवा वय सिद्ध करा, नाहीतर खातं बंद होईल आणि पुढे त्यातलं सगळं पुसलं जाईल. पाच वर्षांपूर्वी चौथीचा गृहपाठ पाठवलेल्या माणसाला आज जन्मलेला मानताना संगणकाला काही खटकलं नाही. तीस वर्षांचा माणूस म्हणवून घेतलं तेव्हाही नव्हतं खटकलं. निदान सातत्याबद्दल त्याला दाद द्यायला हवी.

खातं म्हणजे नुसती पत्रं असतील असा माझा समज होता. सकाळपर्यंत कळलं की त्या एका किल्लीवर अख्खा वाडा होता. विज्ञानाचा प्रकल्प त्यातच, गटातल्या चौघांचा. बुद्धिबळाचं ॲप 'याच खात्याने आत या' म्हणत उघडलेलं, ते गेलं. फोनमधले नंबर त्यातच साठवलेले, त्यामुळे नव्या फोनमध्ये आजीचा नंबरही सापडेना. "अगं, चौघांचं काम आहे, नुसतं माझं नाही," असं तो सांगत होता. आवाज रडवेला होता आणि हात दुसऱ्या गेमचा पासवर्ड आठवत होता.

सूचनापत्रं कुठे जातात ते पाहिलं, तर पर्यायी पत्ता मामाचा निघाला. तोही मामाच्या जुन्या नोकरीचा. ती नोकरी त्याने २०२२ मध्ये सोडली होती. म्हणजे आमच्या मुलाचं खातं बंद होणार असल्याचा इशारा एका अशा पेटीत पडत होता, जी उघडायला कोणी उरलंच नव्हतं. कोणाच्या घरात मुलांची खाती मामा, काका किंवा शेजारच्या इंजिनिअर दादाने काढून दिलेली असतील, त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी तो पर्यायी पत्ता आणि फोन नंबर पाहून यावं. मी थांबते.

तर मार्ग तीन होते. पहिला, पालकांची देखरेख. यात मी माझ्या खात्यावरून 'हे माझं बाळ आहे' असं कबूल करायचं, मग खातं चालू. मोह झाला, खोटं कशाला बोलू. कोणतं ॲप घ्यायचं ते मी ठरवणार, किती वेळ फोन बघायचा ते मी ठरवणार. पण नवऱ्याने हिशेब मांडला. संगणकाच्या लेखी सोहम आज जन्मलाय. तेराव्या वर्षी मुलाला स्वतःचं खातं स्वतः सांभाळता येतं. म्हणजे ते उगवणार २०३८ साली, जेव्हा सोहम सत्तावीस वर्षांचा असेल आणि ऑफिसात बसून आईला 'कॅलेंडर ॲप घेऊ का' म्हणून परवानगी मागत असेल. सोहमने हे ऐकलं आणि तो पहिल्यांदाच खरोखर घाबरला. मी मात्र तो पर्याय मनातून लगेच काढला नाही.

दुसरा मार्ग क्रेडिट कार्डाचा. कार्डावर किरकोळ रक्कम काही काळ अडकवून ठेवतात आणि नंतर सोडून देतात. कार्ड आहे म्हणजे माणूस सज्ञान आहे, असा त्यामागचा तर्क. आता चौदा वर्षांच्या मुलाकडे क्रेडिट कार्ड नसतं, नसावं. ते माझं लावायचं. मग सिद्ध काय होणार? की त्या खात्याच्या मागे एक प्रौढ बाई आहे आणि तिला ओटीपी येतो. म्हणजे १९९० च्या खोट्यातून बाहेर पडायला निघालेला मुलगा थेट माझ्या वयाचा होणार. वाढदिवसाच्या रात्री खरं बोलायला गेलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी आईच्या कार्डाने खोटं शिकवावं, हे काही पटेना. नवरा म्हणाला, "तत्त्वं सोड, चौदा दिवस आहेत." मी म्हटलं, आधी सरळ मार्गाने जाऊ.

सरळ मार्ग तिसरा होता: सरकारी ओळखपत्राचा फोटो. त्यावर नाव आणि जन्मतारीख स्पष्ट दिसायला हवी. चौदा वर्षांच्या मराठी मुलाकडे असं कोणतं ओळखपत्र असतं, याचा शोध घेताना घरातले सगळे खण उघडले गेले. शाळेचं ओळखपत्र सरकारी नव्हे. जन्माच्या दाखल्यावर फोटो नाही. पासपोर्ट नाही, कारण गोव्याच्या पलीकडे आम्ही गेलेलो नाही. उरलं आधार कार्ड.

सोहमच्या आधारवर पाच वर्षांचा सोहम आहे. मुलांचं आधार पाचव्या वर्षी आणि मग पंधराव्या वर्षी ठसे आणि फोटोसह नव्याने करून घ्यायचं असतं. मधली दहा वर्षं कार्डावर बालवाडीतलं ध्यान राहतं. आमच्या ध्यानाचे पुढचे दोन दात पडलेले आहेत आणि सेवा केंद्रातल्या पंख्याकडे बघून ते हसतंय. आता ओठांवर लव फुटलेला इसम 'मी लहान नाही' हे सिद्ध करायला ज्या कागदाचा आधार घेणार, त्यावर दात पडलेलं पोर. अप्पांनी कार्ड डोळ्यांजवळ नेऊन निकाल दिला, "हे पाठवलंस तर उरलेलं खातंही काढून घेतील."

त्यात सोसायटीतल्या वकीलबाईंनी भर घातली. आधार हा जन्मतारखेचा पुरावाच नाही, असं आधारवाले स्वतःच सांगतात आणि आता तसं कार्डावरही छापतात. सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या खटल्यात वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. म्हणजे भारतात वयासाठी शाळेचा दाखला चालतो, आधार चालत नाही. आणि ही परदेशी कंपनी शाळेच्या दाखल्याला विचारत नाही, तिला आधार चालतं. अप्पांना हे ऐकून गहिवरून आलं. शाळेच्या दाखल्याने त्यांचा पगार बुडवला होता, आणि अजून न्यायालयात त्याचाच शब्द चालतो म्हणे.

वकीलबाईंनाच मी विचारलं, की हे तेरा आलं कुठून? आपल्याकडे तेराव्या वर्षी काहीच होत नाही. मुंज आठव्या वर्षी, मतदान अठराव्या. त्यांनी सांगितलं ते असं. अमेरिकेत १९९८ साली मुलांच्या इंटरनेटवरच्या माहितीसाठी एक कायदा झाला. त्याप्रमाणे तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती आई-बापाच्या संमतीशिवाय गोळा करायची नाही. तो आणणाऱ्यांतले एक, एड मार्की, यांना ही मर्यादा सोळा हवी होती. घासाघीस होऊन तेरावर सौदा पटला. कंपन्यांनी मग सोपा उपाय केला: तेराखालच्यांना दारातूनच परत पाठवायचं आणि तोच आकडा जवळपास जगभर लावायचा. वॉशिंग्टनच्या त्या तडजोडीत आमच्या डोंबिवलीच्या विज्ञान प्रकल्पाचा बळी जाईल, याची मार्कींना कल्पना असण्याचं कारण नाही.

यातली खरी गंमत पुढे आहे. सर्वांसाठी असलेल्या सेवेला तो कायदा म्हणतो, की हे मूल आहे असं तुम्हाला प्रत्यक्ष ठाऊक झालं तर तुम्ही जबाबदार. ठाऊक नसेल तर? तर नाही. म्हणून जन्मतारीख विचारायची, पण खरी आहे का ते तपासायचं नाही, यात कंपनीचं भलं होतं. १९९० म्हटलं, मान्य. चौथीतली वही आली, ती आम्ही बघितलीच नाही. पण खातेदाराने स्वतःच्या हाताने 'मी आज जन्मलो' लिहून दिलं की ठाऊक झालं, आणि ठाऊक झालेलं मग ठाऊक नव्हतं असं करता येत नाही. वय वर चढवायला या जगात काही लागत नाही. खाली उतरलात की कागद मागतात. "आणि यात माणूस म्हणून कोणी?" मी विचारलं. वकीलबाई हसल्या. त्यांच्या धंद्यात निदान समोर न्यायाधीश बसलेला असतो.

मग आम्ही फोटो काढायला घेतला. फोटोतल्या दातांची जी काळजी घरभर चालली होती, तिचा प्रत्यक्षात काही संबंध आला नाही. या प्रकारच्या तपासणीत चेहरा जुळवून पाहत नाहीत. तारीख वाचता आली पाहिजे. (काही समाजमाध्यमं फोनपुढे तोंड डावीकडे-उजवीकडे फिरवायला लावून वयाचा अंदाज बांधतात, ते प्रकरण वेगळं. तिथे लव कामाला आली असती.) आमचा खरा शत्रू निघाला लॅमिनेशन. कार्ड मिळाल्या दिवशी नवऱ्याने ते कौतुकाने जाड प्लास्टिकमध्ये घालून आणलं होतं. ट्यूबलाइटखाली त्याचा फोटो काढला की बरोबर जन्मतारखेवर पांढरा पट्टा उमटायचा. तसाच पाठवला, तर नकार आला. कारण त्यांनी लिहिलं होतं, 'कागद वाचता येत नाही'. आम्ही दिवा बदलला, तर पट्टा सरकून नावावर आला. फ्लॅश लावला, तर कार्डावर सूर्य उगवला.

मग मला शहाणपण सुचलं. अख्खा आधार क्रमांक परदेशी कशाला पाठवायचा? आधारच्या संकेतस्थळावरून क्रमांकाचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत उतरवता येते, शेवटचे चारच दिसतात. ती उतरवली, छापली, फोटो काढला. यावेळचं कारण वेगळं: चारही कडा दिसत नाहीत. खरंच होतं, कारण कागदाची एक कड सोहमच्या अंगठ्याखाली होती. कागद हातात धरायचा नाही, सपाट ठेवायचा, चारही कोपरे चौकटीत घ्यायचे, आणि मागे गडद रंग हवा म्हणजे पांढऱ्या कागदाची कड उठून दिसते. हे कुठेही धड लिहिलेलं नाही. आमच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं, जो दिवसभर लोकांचे फॉर्म भरतो आणि ज्याला अशा तपासण्यांबद्दल बहुधा त्या कंपनीपेक्षा जास्त कळतं.

तेव्हा अडला नावाचा घोडा. आधारवर सोहम, वडिलांचं नाव, आडनाव, असं शासकीय इतमामात लिहिलेलं. खात्यावरचं नाव होतं '४ब सोहम रोल नं. १७', कारण लॉकडाऊनमध्ये बाईंनी हजेरीसाठी सगळ्यांना तसंच ठेवायला लावलं होतं. पाच वर्षं शिक्षक बदलले, तुकडी बदलली, हा मात्र ४ब मध्येच. नाव बदलायला गेलो तर खातं अडकलेलं असल्यामुळे बदलता येईना, आणि नाव जुळत नाही म्हणून खातं सुटेना असं आम्हाला वाटू लागलं. नवऱ्याने न बोलता पाकिटातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

झेरॉक्सवाला म्हणाला, "ताई, नावाला घाबरू नका, तारीख नीट येऊ द्या." सकाळी गॅलरीत, ऊन थेट पडणार नाही अशा जागी, अप्पांच्या काळ्या रेक्झिनच्या डायरीवर कागद ठेवला आणि वर फोन धरून फोटो काढला. सोहम श्वास रोखून उभा. फोटो पाठवला, मुलगा शाळेत गेला, मी ऑफिसला गेले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. दोन ओळींचं. वय पडताळलं, खातं पूर्ववत.

विज्ञान प्रकल्प जागच्या जागी होता. पर्यायी पत्ता माझा घातला, फोन माझा घातला, नाव सुधारलं. मामाला कळवलं. तो म्हणाला, "एवढा व्याप कशाला केलात, मी दोन मिनिटांत नवीन काढून दिलं असतं." आपल्या देशाचाही कायदा येतोय, हे मी त्याला सांगितलं. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात मूल म्हणजे अठराखालचं, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येण्याजोगी संमती हवी. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, संमतीच्या तरतुदी लागू व्हायला त्यानंतर दीड वर्षाची सवलत आहे. तेव्हा मुलाला मूल म्हणून दाखवताना आईलाही आपण प्रौढ असल्याचा पुरावा कंपनीपुढे ठेवावा लागेल. मामा म्हणाला, "मग यादी तुझ्यासाठी पण फिरवतो."

सोहम दोन दिवस खूश होता. मग त्याच्या लक्षात आलं, की चौदा वर्षांचा असणं हे पस्तिशीच्या मानाने फार गैरसोयीचं असतं. व्हिडिओ एकामागून एक आपोआप सुरू व्हायचे, ते थांबले. 'जरा विश्रांती घे' अशी पाटी मध्येच यायला लागली, आणि रात्री झोपेची वेळ झाली असंही फोन सांगू लागला. एक गेम, जो गृहस्थ असताना तो बिनधास्त खेळत होता, तो 'तुमच्या वयासाठी नाही' म्हणून बंद झाला. केस गळतीचं तेल तेवढं गेलं.

"आई, हे सगळं अठरापर्यंत असंच?"

"२०२९ चा ऑगस्ट," मी म्हटलं.

तो सेटिंगमध्ये गेला. जन्मसाल थोडं मागे नेऊन पाहिलं, तर संगणकाने या वेळी ते मुकाट मान्य केलं नाही. पुरावा मागितला. सोहमने पर्याय मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सरकारी ओळखपत्र. मग जरा थांबून, क्रेडिट कार्ड. वाचून झाल्यावर त्याने सोफ्यावरच्या माझ्या पर्सकडे पाहिलं.

मी उठून पर्स कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.